स्कोअर हाताचा, घाम पायाचा

मे महिन्यात आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात दुपारी पारा ४४ पर्यंतही जातो, त्यामुळे लेकरं अकरा वाजल्यापासून घरातच. यंदा पुतणीनं टीव्हीवर डान्सचा गेम लावून दिला, म्हणजे टीव्हीवर एक बाई नाचते, आपण मोबाईल उजव्या हातात धरून तिच्यासारखं नाचायचं आणि मोबाईल स्कोअर देतो. पहिल्या आठवड्यात सगळे खूष, घरबसल्या व्यायाम होऊन राहिला म्हणून. मग एक दिवस वहिनी पलंगावर बसूनच नुसता हात हलवत होती आणि तिला पाचपैकी चार स्टार! ती म्हणे, "हे तं बसल्या बसल्याबी पास करते बाप्पा!"

हे असं का होतं ते समजून घ्यायसारखं आहे. मोबाईलमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते, तिच्यात केसापेक्षाही बारीक स्प्रिंगांवर एक इवलंसं वजन टांगलेलं असतं. मोबाईलला झटका बसला की ते वजन जरासं मागे राहतं, आणि किती मागे राहिलं त्यावरून चिप सांगते की वेग किती झटकन बदलला. बस एवढंच. गेम ही हालचाल नाचणारीच्या हाताशी ताडून बघतो, तुमचे पाय कुठे आहेत, गुडघे वाकले का, हे त्याला कळायला मार्गच नाही. आणि मनगटाचा एक छोटा झटकासुद्धा चिपला पूर्ण हात फिरवल्याइतका जोरदार वाटू शकतो. २००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीचा वी नावाचा, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आला, त्याच्या रिमोटवर टेनिस खेळतानाही लोक थोड्याच दिवसांत सोफ्यावर बसून मनगट झटकायला शिकले होते.

पण शरीराचं गणित वेगळं. जास्त ऑक्सिजन खातात ते मोठे स्नायू, म्हणजे मांड्या आणि नितंब, मनगटाचे स्नायू त्यांच्यापुढे काहीच नाहीत. म्हणून आम्ही साधी मोजणी केली. वहिनी ३८ वर्षांची, वजन ६० किलो. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचे. बसून असताना ७६. बसून हात हलवत गाणं संपवलं, ८४. मग तेच गाणं उभं राहून, पाय पूर्ण उचलून, गुडघे वाकवून केलं आणि लगेच मोजलं तर १३२! स्कोअरमध्ये मात्र फारसा फरक नाही. तिच्या वयाला कमाल ठोके अंदाजे २२० वजा ३८, म्हणजे १८२, आणि त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे साधारण ११६ ते १३८ हा मध्यम व्यायामाचा पट्टा. म्हणजे दुसऱ्या वेळी खरंच व्यायाम झाला, पहिल्या वेळी नाही.

यात एक फसगत आहे, ती मला नंतर लक्षात आली. उकाड्यात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके जास्त पडतात. कूलर बंद असताना आकडा मोठा आला म्हणून मेहनत जास्त झाली असं नाही. तेव्हा बोलून बघायचं: बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर मेहनत मध्यम. लेकरांनाही हेच लावा, ते २२० चं सूत्र मोठ्यांसाठी आहे.

वेळेचंही बघा. अर्धा तास खेळलो म्हणतो, पण साडेतीन मिनिटांची सहाच गाणी झाली, म्हणजे नाच २१ मिनिटं, बाकी गाणं निवडणं, भांडणं, आणि नेट गेलं तर ते येण्याची वाट. मनापासून नाचलं तर मेहनत बसून राहण्याच्या साधारण पाचपट धरू. ६० किलोच्या माणसाला बसून तासाला साधारण ६० कॅलरी लागतात, त्या हिशोबानं २१ मिनिटांत १०५. एक ज्वारीची भाकरही यात निघत नाही. मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम लागतो, लेकरांना रोज सरासरी ६० मिनिटं, तेव्हा सहा गाण्यांवर लेकराचा दिवस भागत नाही.

अमेरिकेत ह्यूस्टनला ९ ते १२ वर्षांच्या ७८ मुलांना वी देऊन एक अभ्यास झाला होता, तो २०१२ मध्ये छापून आला. काहींना अंग हलवायचे गेम, काहींना बसून खेळायचे. १३ आठवड्यांत अधूनमधून मुलांच्या कमरेला मापक लावून बघितलं तर दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक दिसला नाही. माझ्या मते खरा प्रश्न हा, की गेम कशाच्या जागी आला? मे च्या दुपारी तो झोपून मोबाईल बघण्याच्या जागी येतो, तेव्हा फायदाच. डिसेंबरच्या संध्याकाळी पोट्टे शाळेच्या मैदानात खो-खो खेळत असताना तो लावला तर तोटा.

आता आमच्याकडे सात वाजता, कूलर लावून, फरशीवर सतरंजी न टाकता, कारण ती घसरते. उड्यांचं गाणं असेल तर पायात बूट. स्टार कोणी बघत नाही, आजी पलंगावर बसून फक्त गुडघे मोजते आणि मधेच म्हणते, "गाणं म्हण गं!" वहिनीनं एका दमात पूर्ण ओळ गायली की आजी म्हणते, "पाय उचल!"