उलटा ‘ज’ आणि हरवलेली वेलांटी: पहिलीच्या मुलाचं लेखन कसं वाचावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत पहिलीच्या मुलीला चित्र दाखवलं आणि ‘काय दिसतंय ते लिही’ म्हटलं. तिने लिहिलं: ‘आज बाकरी करालया’. त्यातला ‘ज’ आरशात दिसावा तसा, दांडी डावीकडे आणि पोट उजवीकडे. वाचायला सांगितल्यावर तिने बोट ठेवत वाचलं, ‘आजी भाकरी करालीया’.

हे वाचून घेणं ही पहिली पायरी. मूल बोलेल ते शब्दशः पेन्सिलीने खाली टिपावं. ते त्याच वेळी करावं, कारण दुसऱ्या दिवशी मूल तोच कागद वेगळा वाचू शकतं. मूळ अक्षरांवर लाल पेन चालवू नये. कोपऱ्यात तारीख आणि लेखन कसं झालं ते लिहावं: स्वतःहून, श्रुतलेखन की फळ्यावरून उतरवलेलं. उतरवलेल्या लेखनातून ध्वनींची जाण कळत नाही.

आता अक्षरं मोजू. तिच्या बोलण्यात नऊ अक्षरं आहेत: आ-जी, भा-क-री, क-रा-ली-या. कागदावरही नऊच आहेत, क्रमही तोच, आणि शब्दांमधली जागा सुटलेली. म्हणजे बोललेलं वाक्य शब्दांत आणि शब्द अक्षरांत फोडणं तिला जमतं. आठ व्यंजनांपैकी सात ध्वनीप्रमाणे बरोबर. ‘आ’चा स्वर चारही ठिकाणी आला. ‘ई’ तीन ठिकाणी हवी होती, ती फक्त ‘री’त दिसते. वेलांटी तिला माहीत आहे, पण लिहिताना दर वेळी हाताशी येत नाही. मराठीत अक्षराच्या पोटात ‘अ’ आधीच असतो, त्यामुळे मुलाला ‘ज’ लिहिल्यावर अक्षर पुरं झाल्यासारखं वाटतं आणि मात्रा मागे राहते.

‘करालीया’ला चूक धरायची नाही. बेळगाव भागात घरी असंच बोलतात, आणि तिने आपलं बोलणं जवळजवळ तंतोतंत उतरवलं आहे. नोंदीत ‘घरची बोली’ एवढं लिहावं. पुस्तकातलं ‘करत आहे’ पुढे वाचनातून येईल. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांनी १९७१ साली इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांबद्दल हेच दाखवलं होतं: त्यांची स्वतःची स्पेलिंगं ऐकलेल्या ध्वनींना धरून, नियमाने चालतात.

‘भ’चा ‘ब’ का झाला, हे मात्र तपासावं लागतं. रोजच्या बोली कन्नडमध्ये ‘भ’, ‘ध’, ‘घ’ असे महाप्राण पुष्कळदा ‘ब’, ‘द’, ‘ग’ या अल्पप्राणांसारखे उच्चारले जातात, आणि सीमाभागातलं मूल दोन्ही भाषा ऐकत वाढतं. तेव्हा ‘धार-दार’, ‘घार-गार’ अशा जोड्या तोंडी म्हणून चित्राकडे बोट दाखवायला सांगावं. कानाला फरक कळत असेल, तर अडचण ‘भ’च्या आकाराची आहे, तो ‘म’च्या फार जवळचा. वहीत इतरत्र ‘भ’ कुठे आला आहे का तेही पाहावं. कानालाच फरक कळत नसेल, तर ‘भ’ गिरवून घेण्याआधी ऐकण्याचे खेळ हवेत.

उलट्या ‘ज’चं कारण ध्वनीत नाही. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तोच, हे मेंदू बाळपणीच ओळखायला शिकतो. अक्षरांच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते, कारण इथे दिशा बदलली की चिन्ह बदलतं. देवनागरी ३ आणि ६ जवळपास एकमेकांची आरशातली रूपं आहेत. दोन अधिक एकचं उत्तर ‘६’ लिहिणाऱ्या मुलाला आधी तोंडी विचारावं. ‘तीन’ म्हणालं तर बेरीज पक्की आहे. साधारण सात वर्षांपर्यंत असं उलटं लिहिणं सर्रास दिसतं, आणि केवळ त्यावरून डिस्लेक्सिया ठरवता येत नाही. आठव्या वर्षानंतरही ते टिकलं आणि सोबत ध्वनी ओळखणं, अक्षर जुळवून वाचणंही अडत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

म्हणून आकार आणि ध्वनी यांची नोंद वेगळी ठेवावी. दोन्ही एकाच रकान्यात ‘चुका’ म्हणून मोजले, तर या मुलीला चार चुका दिसतात आणि तिला काय येतं ते झाकलं जातं. ऱ्हस्व-दीर्घ तर इतक्यात मोजूच नये. ‘दिवस’चं ‘दीवस’ झालं तरी ‘इ’ ऐकू आली, हे महत्त्वाचं. नली-कली या कर्नाटकातल्या सरकारी शाळांमधल्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीच्या प्रगती नोंदीत शेरा असा लिहिता येईल:

‘स्वतःहून एक वाक्य. नऊपैकी नऊ अक्षरं क्रमाने, शब्दांत अंतर. आ-काना पक्का. ई-वेलांटी तीनपैकी एकदा. भ→ब, कान तपासायचा. ज उलटा (एकदा). पुढे: जी, ली, री असलेले चित्रशब्द.’

सहा ते आठ आठवड्यांनी तसंच, पण नवं चित्र द्यावं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. मध्येच ‘बाकीरी’ किंवा ‘कीरालीया’ असं, नको तिथेही वेलांटी असलेलं लेखन आलं, तर ती घसरण समजू नये. नवं चिन्ह हाती आलं की मूल काही काळ ते सगळीकडे लावून पाहतं.