बँड बदलला की नोड बदलला? चालू मॅचमध्ये कन्सोल तुटण्याची दोन कारणे

घरात मेश वायफाय बसवले की मोबाइल ओसरीतून माजघरात नेला तरी नेट चालू राहते. मात्र टीव्हीखाली एकाच जागी बसलेला गेमिंग कन्सोल ऐन मॅचमध्ये नेटवरून तुटतो, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. याचे कारण म्हणून सरसकट ‘रोमिंग’ हा शब्द वापरला जातो. प्रत्यक्षात त्या एका शब्दाखाली दोन वेगळ्या घटना दडलेल्या असतात. पहिली म्हणजे रोमिंग, ज्यात उपकरण मेशच्या एका नोडवरून, म्हणजे वायफाय देणाऱ्या एका डब्यावरून, दुसऱ्या नोडवर जाते. दुसरी म्हणजे बँड स्टिअरिंग, ज्यात नोड तोच राहतो, पण तो उपकरणाला ५ गिगाहर्ट्झच्या बँडवरून, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावरून, २.४ च्या बँडवर किंवा उलट ढकलतो. दोन्हींत वायफायचे नाव तेच राहते आणि कन्सोलचा आयपी पत्ताही बहुधा तोच राहतो, त्यामुळे कन्सोलच्या पडद्यावर पाहून फरक कळत नाही.

खरा फरक निर्णय कोण घेते यात आहे. रोमिंगमध्ये शेवटचा निर्णय उपकरणाचा असतो. सिग्नल क्षीण झाला की ते आपणहून दुसरा नोड शोधते, आणि जुना सोडून त्याला जोडले जाते. बँड स्टिअरिंगमध्ये पुढाकार नोडचा असतो. तो आधी उपकरणाला ‘त्या बँडवर जा’ अशी विनंती पाठवतो. ही विनंती समजणारे उपकरण सेकंदाच्या अंशात पलीकडे जाते आणि खेळात क्षणभर अडखळण्यापलीकडे काही होत नाही. उपकरणाने विनंती मानली नाही, तर अनेक नोड त्याचा जोड सरळ तोडतात आणि काही काळ जुन्या बँडवर त्याला उत्तरच देत नाहीत. कन्सोलच्या दृष्टीने तेव्हा नेटवर्क गेलेले असते. तो सगळे चॅनेल पुन्हा धुंडाळतो, पासवर्डची पडताळणी पुन्हा करतो, आणि यात काही सेकंद जातात. गेमचा सर्व्हर तेवढा वेळ थांबला तरी उपयोग नसतो, कारण नेटवर्क गेल्याचे कळताच कन्सोलने आपल्या बाजूचा जोड बहुधा आधीच बंद केलेला असतो.

आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझ्या बहिणीचे जुने मातीच्या भिंतींचे घर आहे. भिंती दीड-दोन फूट जाड असल्यामुळे सिग्नल भिंतीतून फारसा जात नाही, तो दारा-खिडक्यांतूनच खोलीत शिरतो. फायबरची लाइन ओसरीत येते, तिथे पहिला नोड आहे. दुसरा माजघरात आणि तिसरा माडीवर. कन्सोल ओसरीलगतच्या खोलीत आहे. मे महिना लागला आणि भाच्याची तक्रार सुरू झाली, ‘मामा, लाइट गेली की मॅच तुटते.’ त्याचे निदान ठरलेले होते: लाइट गेल्यावर एखादा नोड बंद पडतो आणि कन्सोल दुसऱ्यावर उडी मारतो. त्याने माडीवरचा नोड खाली आणून पाहिला, ॲपमधले फास्ट रोमिंगही चालू केले. फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण तिन्ही नोड, टीव्ही आणि कन्सोल हे सगळे इन्व्हर्टरवर होते. लाइट गेल्यावर बंद पडत होता तो फक्त कूलर.

हा कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची भलीमोठी पेटी. ओसरीकडच्या खिडकीत, म्हणजे नेमक्या नोड आणि कन्सोल यांच्या मध्ये, ती उन्हाळ्यापुरती बसवली जाते. पत्रा लहरी अडवतो आणि ओल्या ताट्यांतले पाणी त्या शोषून घेते. ५ गिगाहर्ट्झला याचा फटका २.४ पेक्षा जास्त बसतो. कन्सोलच्या जागी मोबाइल ठेवून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मोजला, तेव्हा ताट्या कोरड्या असताना तो उणे ६६ डीबीएमच्या आसपास होता आणि पंप चालू होऊन ताट्या भिजल्यावर उणे ७३ पर्यंत उतरला. नोडमधली मर्यादा उणे ७० होती. म्हणजे दुपारी कूलर लावला की नोड कन्सोलला २.४ वर ढकलत होता, आणि लाइट जाऊन ताट्या सुकल्या की परत ५ वर ओढत होता. दोन्ही वेळा जोड तुटत होता. पण कूलर लावण्याची वेळ जेवणानंतरची, खेळ सुरू होण्याआधीची, म्हणून ती कोणाच्या लक्षात आली नाही.

वेळेकडे नीट पाहिले असते तर भाच्यालाही शंका आली असती. नोड खरोखर बंद पडला असता तर मॅच लाइटबरोबरच तुटली असती. इथे ती दहा-पंधरा मिनिटांनी, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात ताट्या सुकायला जितका वेळ लागतो तितक्याने, तुटत होती. पक्का पुरावा ओसरीतल्या नोडच्या नोंदींत मिळाला:

```
15:42:07 hostapd: phy0-ap0: AP-STA-DISCONNECTED 02:00:00:aa:bb:cc
15:42:13 hostapd: phy1-ap0: AP-STA-CONNECTED 02:00:00:aa:bb:cc
```

शेवटचा आकडा कन्सोलचा मॅक पत्ता आहे (इथे बदलून दिला आहे). या नोडमध्ये `phy0` हा २.४ चा रेडिओ आहे आणि `phy1` हा ५ चा. दोन्ही ओळी एकाच नोडच्या आहेत आणि मध्ये सहा सेकंद गेले आहेत, म्हणून हे बँड स्टिअरिंग. रोमिंग असते तर जोडल्याची ओळ माजघरातल्या किंवा माडीवरच्या नोडच्या नोंदींत सापडली असती. नोंदी दाखवत नसलेल्या मेशमध्ये मॅच तुटण्याच्या आधी आणि नंतर ॲपमधली उपकरणांची यादी पाहावी; कन्सोलसमोर नोडचे नाव तेच आणि बँड वेगळा दिसला, तर निष्कर्ष तोच निघतो. कन्सोल फक्त २.४ वर चालणारा असेल, उदाहरणार्थ २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४, तर बँड स्टिअरिंगची शंका घेण्याचे कारणच उरत नाही.

उपायही वेगळे आहेत, आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. रोमिंगचा त्रास असेल तर कन्सोल एका नोडला बांधून ठेवावा किंवा नोडची जागा बदलावी. बँड स्टिअरिंगचा त्रास असेल तर त्या एका उपकरणापुरते ते बंद करावे. तशी सोय नसेल तर एकाच बँडचे वेगळ्या नावाचे वायफाय काढून कन्सोल त्यावर जोडावा. प्लेस्टेशन ५ मध्ये बँडची निवड कन्सोलमध्येच करता येते. जवळच्या नोडला लॅन केबलने जोडणे हा दोन्हींवरचा उपाय आहे, कारण मग कन्सोलला कोणी हलवूच शकत नाही. पण जाड मातीच्या भिंतीला भोक पाडायला बहिणीची तयारी नव्हती.

बँड कोणता निवडावा, याबाबत शहरातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. फ्लॅटच्या इमारतीत २.४ वर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते, म्हणून तिथे ५ सुचवतात. या घरातून शेजारचे एकच वायफाय दिसते, तेही अधूनमधून. ऑनलाइन मॅचला वेग फार लागत नाही, जोड अखंड लागतो, म्हणून आम्ही कन्सोल २.४ वर कायम केला. मोठा गेम डाउनलोड व्हायला आता जास्त वेळ लागतो, आणि त्यावर भाच्याची कुरकुर चालूच आहे. पावसाळ्यात कूलर निघाला की त्याला ५ वर परत न्यायचे, असे ठरले आहे.