शांपू हे मुळात क्रियापद होते

अठराव्या शतकात ‘शांपू’ हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा केसांशी किंवा साबणाशी काहीही संबंध नव्हता. हिंदीतील ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, रगडणे. थकलेल्या माणसाचे पाय आपण चेपतो, तशीच ही क्रिया. ‘चाँपो’ हे त्याचे आज्ञार्थी रूप असून, १७६२ पासून ते इंग्रजी लेखनात ‘अंग रगडणे’ या अर्थाने आढळते.

इंग्रजांनी मूळ धातू न उचलता आज्ञार्थ उचलला, ही बाब मला फार बोलकी वाटते. पुढे सैनिकांच्या बोलीतून इंग्रजीत गेलेला ‘डेको’, म्हणजे दृष्टिक्षेप, हाही ‘देखो’चाच अवतार आहे. नोकरचाकरांशी होणारे बोलणे बहुतांशी हुकमांचे असल्याने क्रियापदाचे तेच रूप परक्यांच्या कानावर आणि जिभेवर बसले असावे.

या शब्दाला इंग्लंडमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली ती पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी स्नानगृह चालवले. तेथे रुग्णाला वनौषधींच्या वाफेने भरलेल्या फ्लॅनेलच्या तंबूत बसवीत आणि तंबूला शिवलेल्या बाह्यांमधून हात आत घालून त्याचे अंग रगडीत. संधिवाताने आखडलेले लोक या उपचारासाठी येत. चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम या दोन राजांनी महंमद यांना आपले ‘शांपू-तज्ज्ञ’ नेमले होते. त्यांच्या हयातीतही या शब्दाचा प्रचलित अर्थ मर्दन हाच होता. १८६० च्या सुमारास तो डोके चोळून धुण्यापुरता आक्रसला, आणि मग धुण्याच्या क्रियेवरून धुण्याच्या द्रवाला मिळाला. आपल्याकडची ‘चंपी’ मात्र अजूनही चोळण्याशी इमान राखून आहे.

‘लूट’ या शब्दाच्या वाट्याला असे स्थित्यंतर आले नाही. संस्कृतातील ‘लुण्ट्’ या धातूशी नाते सांगणारा हा शब्द इंग्रजीत जसाच्या तसा गेला आणि तेथेही नाम व क्रियापद अशी दोन्ही कामे करू लागला.

‘पायजमा’ला हिंदी शब्द म्हणताना मात्र सावध राहावे लागते, कारण तो हिंदी-उर्दूने फारसीकडून घेतला आहे. ‘पाय’ म्हणजे पाय आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र. फारसी आणि मराठी ‘पाय’ यांच्यातील साम्य योगायोगाचे नाही, कारण दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून आले आहेत. तरी या समासाची घडण फारसीच. भारतातील युरोपीय लोक ही सैल, नाडीची विजार रात्री झोपताना घालू लागले. तिच्यासोबत सदराही आला, आणि इंग्रजीत या जोडीला मिळून ‘पजामाज’ म्हणू लागले. अशा रीतीने केवळ पायांच्या वस्त्राचे नाव अंगातल्या सदऱ्यालाही मिळाले.