स्टेरॉइडची गोळी एकदम का थांबवू नये: एका कुटुंबाला पत्र

नाशिक

स. न. वि. वि.

आपल्या वडिलांच्या फुफ्फुसांतील सारकॉइडोसिस आटोक्यात आला आहे. मग वाढलेली साखर आणि सुजलेला चेहरा पाहता प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी आजच बंद का करू नये, हा आपला प्रश्न रास्त आहे. द्राक्षबागेच्या छाटणीच्या धांदलीत त्यांनी चार दिवस गोळी घेतली नव्हती, तेव्हा त्यांची अन्नावरची वासना उडाली, मळमळू लागले आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. खोकला मात्र परतला नव्हता. मूळ आजार उलटला नव्हता, शरीराला कॉर्टिसोल हे त्याचे स्वतःचे स्टेरॉइड कमी पडत होते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल तयार करतात. रक्तदाब, साखर आणि आजारपणाचा ताण सांभाळण्यासाठी ते लागते. ते किती करायचे, हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच या संप्रेरकाद्वारे कळवते. रोजच्या गरजेइतके कॉर्टिसोल म्हणजे साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. वडील आठ महिने त्याहून अधिक घेत आहेत. रक्तात पुरेसे स्टेरॉइड दिसल्याने पीयूषिका एसीटीएच पाठवणे जवळजवळ थांबवते आणि तो मिळेनासा झाला की, प्लास्टरमधल्या पायाचे स्नायू बारीक होतात तसा, अधिवृक्क ग्रंथीचा कॉर्टिसोल करणारा थर आक्रसतो. गोळी थांबल्यावर आधी पीयूषिका जागी होते. ग्रंथीचा थर पुन्हा भरायला त्यानंतरही कित्येक महिने लागू शकतात. त्यांचे पोटॅशियम तेव्हा ठीक आले म्हणून आपण निश्चिंत झालात, परंतु पोटॅशियम सांभाळणारे अल्डोस्टेरॉन मुख्यतः मूत्रपिंडातील रेनिनच्या सांगण्यावर चालते, त्यामुळे ते या प्रकारात बहुधा शाबूत राहते.

सध्याच्या १० मिलिग्रॅमवरून आपण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने साडेसात आणि मग ५ वर येऊ. खरी सावकाशी त्यापुढे लागेल, कारण ५ च्या खाली उरलेली तूट ग्रंथीलाच भरून काढायची आहे. म्हणून महिनाभर एक दिवस ५ आणि एक दिवस अडीच, नंतर रोज अडीच, असे उतरू. पुढे गोळी २४ तास न घेता सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल तपासू; गोळी घेऊन तपासल्यास प्रेडनिसोलोनच काही अंशी कॉर्टिसोल म्हणून मोजले जाऊन आकडा फसवा येऊ शकतो.

कोणी सुचवलेली 'स्टेरॉइडमुक्त' पुडी मधल्या काळात घेऊ नये. बिनलेबलच्या अशा काही पुड्यांत स्टेरॉइडच मिसळलेले सापडते, आणि मग आपण घेतलेल्या मात्रेचा हिशेबच उरत नाही.

ताप आल्यास मला कळवून, ताप असेपर्यंत गोळीची मात्रा दुप्पट करावी. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल किंवा वडील ग्लानीत वाटले तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि ते दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहेत हे पोहोचताक्षणी सांगावे, म्हणजे १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लगेच देता येईल.

आपला,
डॉक्टर