रुतलेले नख

पायाच्या अंगठ्याच्या नखाची कडा शेजारच्या मांसात घुसली की तिथे लाली, सूज आणि ठसठस सुरू होते. याला नख रुतणे म्हणतात. अंगठा लाल होऊन दुखण्यामागे गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधा सुजण्याचा आजार, किंवा नखाच्या बुरशीचाही संशय घेतला जातो, पण नेमके कुठे दुखते हे बोटाने दाबून पाहिले तर बराचसा उलगडा तिथेच होतो.

समजा, एकाने नखाचा कोपरा खोलवर गोल कापला आणि कडेला नखाचा बारीक काटा राहून गेला. अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. दोन-तीन आठवड्यांत तो काटा पुढे सरकतो आणि घट्ट बुटामुळे मांसात शिरतो. आधी फक्त दाबल्यावर दुखते, मग ठणका लागतो, पू येतो. दुर्लक्ष झाले तर कडेला ओलसर लाल मांस वाढते आणि मोजा घासला तरी त्यातून रक्त येते. अशा अंगठ्यावर पेनाच्या बोथट टोकाने हलकेच दाबले की नखाच्या कडेचा एकच बिंदू कळवळून टाकतो. अंगठ्याच्या बुडाचा सांधा मात्र वर-खाली हलवला तरी दुखत नाही.

गाऊटमध्ये नेमके उलट असते. लाली नखाजवळ नसून अंगठा पावलाला जोडला जातो त्या सांध्यावर असते. दुखणे बहुधा रात्री अचानक उठते, २४ तासांच्या आत शिगेला पोहोचते आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. ऐन झटक्यात रक्तातील युरिक ॲसिड कधी कधी नॉर्मल येते, म्हणून त्या एका तपासणीवरून गाऊट नाही असे ठरवू नये.

बुरशीला घाई नसते. नख महिनोन्‌महिने पिवळट, जाड आणि भुसभुशीत होत जाते, पण सहसा ठणकत नाही. मात्र असे जाड झालेले नखही कडेला रुतू शकते, आणि मग दोन्ही त्रासांवर उपचार करावे लागतात.

सुरुवातीला कोमट पाण्यात पाय १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा बुडवावा, मोकळी चप्पल वापरावी आणि कोपरा स्वतः कोरू नये. कोरल्याने क्षणभर बरे वाटते, पण नवा काटा मागे राहतो. मधुमेह असेल, पायाला रक्तपुरवठा कमी असेल, ताप आला असेल किंवा लाली पावलावर पसरत असेल तर घरी वाट पाहू नये. ताप असून सांधाच सुजला असेल तर सांध्यातील जंतुसंसर्गाचीही शंका घ्यावी लागते.

पुन्हा पुन्हा रुतणाऱ्या नखासाठी अंगठा बधिर करून कडेची फक्त एक पट्टी काढतात आणि तिच्या मुळाला फिनॉल हे मूळ नष्ट करणारे रसायन लावतात, म्हणजे ती कडा सहसा पुन्हा उगवत नाही. मुळाला हात न लावता पूर्ण नख काढले, तर ते तितक्याच रुंदीचे परत येते.