उलटीच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे की मळमळल्यावर?

"केमोनंतर आईला मळमळ नाहीच. मग उलटीच्या गोळ्या कशाला? त्रास झाला की देऊ ना?"

नाही, थांबू नका. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाचंच पाहा. त्याची मळमळ दोन लाटांत येते. पहिली काही तासांतच. ती थोपवायला औषध चढवण्याआधीच ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन वगैरे देतात. दुसरी 24 तासांनंतर उठते आणि 48 ते 72 तासांत सर्वांत जोरात असते. म्हणजे सोमवारी केमो झाली, मंगळवारी आई पोटभर जेवली म्हणून गोळ्या बंद केल्या, तर बुधवारी-गुरुवारी उलट्या सुरू होऊ शकतात. तेव्हा दिलेली गोळी पोटात टिकतच नाही. शिवाय एकदा फार हाल झाले, की पुढच्या खेपेला दवाखान्याच्या वासानेही मळमळू लागतं.

म्हणून डेक्सामेथासोन सहसा चौथ्या दिवसापर्यंत असतं. चिठ्ठीप्रमाणे पूर्ण द्या, आणि सकाळी, कारण रात्री घेतलं तर झोप उडते. 'लागल्यास' लिहिलेली गोळी वेगळी. ती या नेमाच्या गोळ्यांच्या जोडीला, मळमळीची पहिली चाहूल लागताच द्यायची. विनक्रिस्टीनसारख्या, फारशी मळमळ न आणणाऱ्या केमोच्या औषधाला मात्र नेमाची गोळी बहुधा लागत नाही.

पाणीही पोटात टिकेना, तर लगेच केमो वॉर्डला फोन करा.