हवेचा गॅमा मोजताना: झडप नेमकी कधी बंद करावी?

आमचा संच घेतलेल्या प्रयोगशाळांकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: हवेचा γ, म्हणजे स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर, 1.40 यायला हवा, मग आमच्याकडे 1.27 का येतो? उत्तर बहुतेकदा झडपेपाशी सापडते.

ही रीत क्लेमाँ आणि देझोर्म या फ्रेंच शास्त्रज्ञांची. मोठ्या काचेच्या बाटलीत पंपाने थोडी हवा भरायची. भरताना हवा तापते, म्हणून दाब दाखवणाऱ्या पाण्याच्या मॅनोमीटरमधल्या दोन पातळ्यांचा फरक स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि h1 नोंदवायचा. मग झडप क्षणभर पूर्ण उघडायची. दाब बाहेरच्या हवेइतका होतो आणि आतली हवा गार पडते. झडप बंद केल्यावर हवा हळूहळू खोलीच्या तापमानाला येते, दाब पुन्हा चढतो आणि थांबतो तिथे h2 मिळतो.

झटक्यात पसरताना दाब h1 इतका उतरला. हवा तेवढीच, पण तापमान न बदलता पसरली असती, तर तो फक्त h1 − h2 इतका उतरला असता. या दोन उतारांचे गुणोत्तर म्हणजे

γ = h1 / (h1 − h2)

समजा h1 = 15.2 सेंमी आणि h2 = 4.1 सेंमी. मग γ = 15.2 / 11.1 = 1.37, म्हणजे प्रयोग चांगला जमला. झडप जास्त वेळ उघडी राहिली, तर बाटलीच्या काचेकडून उष्णता घेऊन हवा तेव्हाच तापू लागते आणि त्यामुळे वाढलेला दाब उघड्या तोंडातून निघून जातो. h2 3.2 वर अडकतो आणि γ 1.27 येतो. उलट हवेचा फुसकारा थांबण्याआधीच झडप बंद केली, तर आत जादा दाब उरतो, h2 मोठा येतो आणि γ 1.5 च्याही वर जाऊ शकतो. म्हणून आवाज थांबताच झडप बंद करा. मॅनोमीटरकडे बघत बसू नका, पाणी हेलकावत असते.

तापमानाबाबत आम्ही फार आग्रही आहोत, कारण इथे हवा जेमतेम सव्वा अंश सेल्सियसने गार होते. बंद बाटली एका अंशाने तापली, तर पाण्याच्या पातळ्यांमधला फरक सुमारे साडेतीन सेंमीने बदलतो, जवळजवळ पूर्ण h2 इतका! बाटलीला हात लावू नका, तिच्यावर ऊन किंवा पंख्याचा झोत येऊ देऊ नका, आणि h1 व h2 एकाच तापमानाला घ्या.

गळती ओळखणे सोपे आहे. भरलेली हवा गार होताना उतरणारी पातळी मंदावत थांबते. गळतीत ती थांबतच नाही. h2 चढून पुन्हा उतरू लागला, तरी तेच कारण. अशा वेळी बुचाला आणि जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा. बाटली आतून ओली असेल तर तीही आधी वाळवा: हवा गार होताना बाष्पाचे पाणी झाले, तर ते उष्णता सोडते आणि γ पुन्हा कमीच दिसतो.